कोऱ्या ओळीच्या अलीकडे आणि पलीकडे

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचताना माझा हात एका ठरावीक जागी मागचं पान उलटतो. कथानकात काही चुकलंय म्हणून नव्हे, भाषा कच्ची आहे म्हणूनही नव्हे. लेखकाने एक ओळ कोरी सोडून पुढचा प्रसंग सुरू केलेला असतो आणि चार-पाच वाक्यं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात येतं, की मी समजत होतो ती ही सकाळ नव्हे. मधे वर्षं उलटली आहेत, किंवा घर बदललंय, किंवा ज्या बाईच्या मनातलं मी वाचतोय ती बाईच दुसरी आहे. मग मागे जायचं, समजलेलं पुसायचं आणि नव्याने वाचायचं. संपादक मागे जातो, कारण ते त्याचं काम आहे. साधा वाचक एखाद्या वेळी जाईल, पण दुसऱ्यांदा अडखळला तर अंक मिटून ठेवेल.

असं का होतं हे समजून घ्यायचं तर वाचकाची एक सवय ध्यानात घ्यावी लागते. कोऱ्या ओळीनंतर त्याला काहीच सांगितलं नाही, तर तो सगळ्यात लहान उडी गृहीत धरतो: तेच माणूस, तीच जागा, आणि वेळ फार तर काही तासांनी पुढे. मोकळी जागा त्याला एवढंच कळवते, की काहीतरी सुटलं. काय सुटलं आणि किती, हे ती सांगू शकत नाही. ते काम तिच्या अलीकडच्या शेवटच्या वाक्याचं आणि पलीकडच्या पहिल्या एक-दोन वाक्यांचं असतं. नवशिके लेखक कोऱ्या ओळीवर विसंबतात ते इथेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोकणातल्या एका घराची कथा आहे. इंदू गावी राहते, तिचा भाऊ दिनकर डोंबिवलीला. त्याने वडिलोपार्जित कलमांच्या बागेसाठी गिऱ्हाईक आणलंय आणि बहिणीची सही हवी आहे. त्याची मुलगी मुग्धा चौथीत आहे, ती पडवीत खेळते आहे. पहिला प्रसंग सहीचा, दुसरा चौदा वर्षांनंतरचा. पहिल्या खर्ड्यात तो असा उतरतो:

इंदूने कागदावर सही केली आणि ती आत निघून गेली.

(इथे एक ओळ कोरी)

ती लवकर उठली होती. चहा ठेवला. बाहेर पाऊस पडत होता. तेवढ्यात कडी वाजली. ‘आत्या, ओळखलंस का?’

वाचक म्हणून आपण काय समजतो? काल सही झाली, आज सकाळ झाली, इंदूला झोप लागली नसणार. पाऊसही तिच्या मनःस्थितीला शोभतो. ‘आत्या’ म्हणणारी मुग्धा तर पडवीत होतीच. ‘ओळखलंस का?’ हा प्रश्न जरा खटकतो, पण मुलं असं गमतीने विचारतात म्हणून आपण तोही खपवून घेतो. पुढे कुठेतरी लग्नाची पत्रिका निघते आणि तोवर मनात मांडलेलं सगळं चित्र मोडतं. गंमत अशी, की यातलं एकही वाक्य सुटं पाहिलं तर चुकीचं नाही. फक्त कोऱ्या ओळीनंतरचं प्रत्येक वाक्य ‘दुसरी सकाळ’ या समजाला दुजोरा देत गेलं आणि एकानेही त्याला छेद दिला नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो कोऱ्या ओळीत ‘चौदा वर्षांनंतर’ असं ठळक अक्षरांत लिहिण्याचा. मालिकांनी ही सवय लावली. त्यात गुन्हा नाही, काही कथांना असा मथळा शोभतोही. पण मथळ्यावरून नजर घसरते, पुष्कळ वाचक तो वाचतच नाहीत. म्हणून मथळा झाकून खालचा मजकूर वाचावा आणि तरीही काळ कळतो का ते बघावं. शिवाय चौदा वर्षं गेली हा नुसता हिशोब झाला. त्या वर्षांनी या दोन भावंडांचं काय केलं, हे त्यातून कळत नाही, आणि वाचकाला रस असतो तो त्यात.

आता सांधा दोन्ही बाजूंनी घडवून बघू.

सही करून इंदूने पेन त्याच्यापुढे सरकवलं. ‘मुग्धेला आंबे न्यायचे असतील तर यंदाच ने,’ ती म्हणाली.

(इथे एक ओळ कोरी)

बाग विकल्यावर दिनकर गावी आला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी दहाव्याला. तिसऱ्या खेपेला मुग्धा त्याच्याबरोबर होती, स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन. इंदू ओटीवरच्या खुर्चीतून उठली नाही.

कोऱ्या ओळीअलीकडचं वाक्य वाचकाची मान पुढच्या काळाकडे वळवतं. ‘यंदाच’ म्हटलं, की पुढची वर्षं वेगळी असणार हे त्याच्या मनात येऊन जातं आणि तो उडीला तयार होतो. मधल्या काळावरून नेणारं वाक्य, ज्याला मी सांधणारी ओळ म्हणतो, ते पलीकडचं पहिलं. त्याने वर्षांचा आकडा दिलेला नाही. भावंडांचं येणंजाणं तुटलं आणि घरात माणसं गेली, हे मात्र सांगितलं. आकड्याचं काम ‘स्वतःच्या लग्नाच्या’ या दोन शब्दांनी केलं. चौथीतली पोर लग्नाची झाली, म्हणजे किती वर्षं गेली हे वाचक आपणहून मोजतो, आणि स्वतः मोजलेलं तो विसरत नाही. तिसऱ्या वाक्यात जागा आली, आणि आपण कुणाच्या शेजारी उभे आहोत तेही. कोण, कधी, कुठे आणि कुणाच्या नजरेतून, एवढी चार उत्तरं तीस-पस्तीस शब्दांत मिळाली, की वाचक निर्धास्त पुढे जातो. पाऊस, चहा, कडी हे सगळं त्यानंतर हवं तेवढं येऊ द्यावं.

मोठं झालेलं मूल दाखवून काळ सांगायची ही युक्ती फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पाचव्या अंकात दुष्यंत गर्भवती शकुंतलेला ओळखत नाही, आणि सातव्या अंकात त्याला सिंहाच्या छाव्याशी झोंबणारा एक मुलगा दिसतो. मधे किती वर्षं गेली, हे नाटकात कुणाला मोजून सांगावं लागत नाही. संस्कृत नाटकाकडे सांधणाऱ्या ओळींचा एक रीतसर प्रकारही होता. दोन अंकांच्या मधे किंवा अंकाच्या आरंभी गौण पात्रं येत आणि मधल्या काळात काय घडलं ते आपसांत बोलून जात. त्याला विष्कंभक म्हणतात. दुर्वासाचा शाप हा अख्ख्या नाटकाचा कणा, पण तो चौथ्या अंकाच्या विष्कंभकात, फुलं वेचणाऱ्या दोन सख्यांच्या बोलण्यातून आपल्याला कळतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा मराठी प्रेक्षकासमोर काळाच्या याच उड्या आल्या.

कोऱ्या जागेचं कादंबरीतलं गाजलेलं उदाहरण मात्र फ्रेंच आहे. गुस्ताव्ह फ्लोबेरची ‘सेंटिमेंटल एज्युकेशन’ १८६९ साली आली. तिच्या शेवटाकडे १८५१चा डिसेंबर आहे. पॅरिसमध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली आहे, रस्त्यावर शिपाई आहेत. नायक फ्रेदेरिकच्या डोळ्यांदेखत त्याचा एक भाबडा, प्रामाणिक मित्र तलवारीने मारला जातो, आणि मारणारा वळतो तेव्हा दिसतं, की तोही ओळखीचाच, एके काळचा कडवा क्रांतिकारक. प्रकरण तिथेच संपतं. पुढचं प्रकरण उघडतं ते अगदी तुटक वाक्यांनी: त्याने प्रवास केला, त्याला बोटींवरचा उदासपणा कळला, तो परतला, आणखी काही प्रेमं झाली. बस्स. आणि मग १८६७च्या मार्चअखेरीस एका संध्याकाळी, जिच्यावर त्याने जन्मभर प्रेम केलं ती बाई त्याच्या दारात उभी असते. मार्सेल प्रूस्तने १९२०मध्ये फ्लोबेरच्या शैलीवर लेख लिहिला. त्या कादंबरीतली सर्वांत सुंदर गोष्ट एखादं वाक्य नसून ही मधली मोकळी जागा आहे, असं त्यात त्याचं म्हणणं होतं.

प्रूस्तचं हे मत वाचून पुष्कळांना वाटतं, की सगळी करामत न सांगण्यात आहे. मला तसं वाटत नाही. पंधराएक वर्षं गाळणारा फ्लोबेर पलीकडे पोचल्यावर महिना आणि साल सरळ लिहून टाकतो. त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. वर थोड्या वेळाने ती बाई टोपी काढते, दिव्याचा उजेड तिच्या केसांवर पडतो आणि ते पांढरे झालेले असतात. साल वाचकाला कळावं म्हणून दिलं, आणि ते केस काळाचा धक्का बसावा म्हणून. आपल्याकडचे लेखक बरेचदा धक्का हवा म्हणून माहितीच दडवतात आणि मग वाचकाला धक्का बसण्याऐवजी तो गोंधळतो.

सांधणारी ओळ कशी नसावी हे सांगणं सोपं आहे. ‘दिवसांमागून दिवस गेले’, ‘काळ कुणासाठी थांबत नाही’ या वाक्यांतून काहीच कळत नाही. जुन्या सिनेमातली फडफडणारी कॅलेंडरची पानं आणि ती एकाच घरातली. त्यापेक्षा ‘सहा महिने गेले’ हे साधं वाक्य कितीतरी बरं. साध्या वाक्याची लाज वाटू नये. ‘दुसऱ्या दिवशी’ हे दोन शब्द कथेत दहादा आले तरी वाचकाच्या नजरेला ते खुपत नाहीत. आपल्या भाषेत काळ सांगायला ऋतू आणि सणही हाताशी असतात. ‘गौरी जेवल्या त्या दिवशी’ म्हटलं की भाद्रपद आला, पाऊस आला, घरात माहेरवाशिणी आल्या. तारखेसकट देखावा उभा राहतो. शहरात वाढलेल्या वाचकाला मिरगाचा पाऊस म्हणजे जूनचा पहिला आठवडा हे चटकन कळेलच असं नाही, तेव्हा तिथे शेजारच्या वाक्यात शाळा सुरू झाल्याचा उल्लेख पेरावा.

प्रत्येक हालचालीला कोरी ओळ लागत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. दिनकर एसटी स्टँडवर उतरला आणि त्याला घरी पोचवायचं आहे. ‘स्टँडपासून घरापर्यंत तो मुग्धेशी एक शब्द बोलला नाही’ या एका वाक्यात तो पोचतो, आणि त्याच्या मनाची अवस्थाही कळते. माणूस तेच, दिवस तोच, नजर तीच असेल तर सांधणारी ओळ पुरते. नजर बदलली, म्हणजे इंदूच्या मनातून आपण दिनकरच्या मनात शिरलो, तर मात्र घर आणि घटका तीच असली तरी ओळ कोरी सोडावी. वर्षं उलटणार असतील तर त्याहून मोठी खूण, तीन फुल्या किंवा आकडा, द्यावी. या खुणांचा चढता क्रम वाचक पहिल्या दोन-तीन पानांत नकळत शिकतो. दहा मिनिटांसाठी आणि दहा वर्षांसाठी एकाच मापाची मोकळी जागा सोडली, तर त्याला काहीच शिकता येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक खास खबरदारी घ्यावी लागते. आपलं क्रियापद कर्त्याचं लिंग सांगतं, म्हणून कर्ता गाळून ‘उठली, चूल पेटवली’ असं छान लिहिता येतं. पण नव्या प्रसंगाच्या पहिल्याच वाक्यात हे केलं, तर ती क्रिया मागच्या प्रसंगात शेवटी दिसलेल्या बाईच्या नावावर जमा होते. सासू-सुनेच्या कथेत याने हमखास घोटाळा होतो. आदरार्थी बहुवचनाचंही तसंच. ‘ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती.’ कोण आले? घरधनी की पाहुणे? प्रसंगाच्या मध्यावर हा प्रश्न पडत नाही, कारण माणसं समोर असतात. कोऱ्या ओळीनंतर समोर कुणीच नसतं. म्हणून तिथलं पहिलं वाक्य नाव घेऊन सुरू करावं. सर्वनामं नंतर येतीलच. ‘काल’, ‘उद्या’ हे शब्द बोलणाऱ्याच्या आजवर टेकलेले असतात, आणि ‘परवा’ तर दोन्हीकडे लागतो. संवादात ते चालतात. निवेदनात ‘आदल्या दिवशी’, ‘दुसऱ्या दिवशी’ लिहिलं की पाय घसरत नाही.

मागे जायचं असेल तेव्हा मोकळ्या जागेपेक्षा क्रियापदाचा काळ जास्त उपयोगी पडतो. ‘इंदूला तो दिवस आठवला’ असं म्हणून शून्यात बघायला लावायची गरज नाही. ‘बागेचा विषय निघाला होता तो आईच्या वर्षश्राद्धाला. दिनकर आदल्या रात्रीच्या गाडीने आला होता. सकाळी भटजी जाताच त्याने पिशवीतून कागद काढले.’ पहिल्या दोन वाक्यांत ‘होता’ आहे, त्याने आपण मागे गेलो. तिसऱ्या वाक्यापासून साधा भूतकाळ सुरू झाला आणि आता तो मागचा प्रसंग डोळ्यांसमोर घडतो आहे. सगळीकडे ‘होता, होती, होते’ चालू ठेवलं तर पान रटाळ होतं, आणि एकदाही घातलं नाही तर वाचक पुढेच चालत राहतो. परत येताना ‘आता’ लागतो, आणि बरोबर आत्ताच्या प्रसंगातली एखादी वस्तू: ‘आता तोच हात पत्रिकेवर कुंकवाचं बोट लावत होता.’

काळाच्या उड्यांचा जमाखर्च मात्र कथेत नव्हे, वेगळ्या कागदावर मांडावा. डाव्या बाजूला साल, पुढे प्रत्येक पात्राचं वय. मुग्धा चौथीत असताना नऊ-दहा वर्षांची होती, म्हणजे लग्नाच्या वेळी तेवीस-चोवीसची. मग इंदूने तिला ‘आमच्या घरातली पहिली पदवीधर’ म्हणायला हरकत नाही, पण दिनकरला त्याच वर्षी निवृत्त करायचं तर सहीच्या वेळी तो चव्वेचाळीसचा असायला हवा होता. लिहिता लिहिता हे निसटतं. खरं जगही मधे असतं. कथा २०१८मधून २०२२मध्ये गेली आणि टाळेबंदीचा एका शब्दानेही उल्लेख नसेल, तर वाचक मनात थांबतो. पात्रांवर तिचा परिणाम झाला नसला तरी सांधणाऱ्या ओळीत ‘टाळेबंदीत पुढे ढकललेलं लग्न’ एवढं म्हटलं की तो मोकळा होतो.

एवढं करूनही सांधा छापखान्याच्या वाटेवर तुटू शकतो. आजकाल बरेच लेखक मोबाइलवर लिहितात आणि प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ सोडतात. अंकाच्या मजकुरात तशा ओळी नको असतात, म्हणून जुळणी करणारा त्या सगळ्या एका फटक्यात काढून टाकतो, आणि त्याबरोबर कथेतले प्रसंगबदलही पुसले जातात. यात त्याची चूक नाही. कुठली कोरी ओळ सवयीची आणि कुठली हेतूची, हे त्याला कळणार कसं? म्हणून लेखकानेच प्रसंग बदलतो तिथे मधोमध तीन फुल्या टाइप कराव्यात. अंकात त्या ठेवायच्या की नुसती जागा सोडायची, हे संपादक ठरवील. फुल्या नकोत असं ठरलं, तरी नव्या प्रसंगाचा पहिला परिच्छेद आत न सरकवता समासालगत घेतला की एक बारीकशी खूण शिल्लक राहते.

दुसरा अपघात पानाच्या तळाशी होतो. कोरी ओळ पानाची शेवटची आली किंवा दुसऱ्या स्तंभाच्या माथ्यावर गेली, की दिसतच नाही. चित्र किंवा जाहिरात नेमकी तिथे बसली तरी तेच. छापील अंकात हे निदान पाहून दुरुस्त करता येतं. ई-पुस्तकात वाचक अक्षर लहानमोठं करतो आणि पान कुठे संपेल हे कुणाच्याच हातात राहत नाही, म्हणून तिथे फुल्यांना पर्याय नाही. ऐकायच्या पुस्तकात तर मोकळी जागा म्हणजे वाचणाऱ्याने घेतलेला क्षणभराचा थांबा. भांडी घासताना ऐकणाऱ्याला तो श्वासासारखाच वाटतो. तिथे सगळी भिस्त पलीकडच्या पहिल्या वाक्यावर असते. कथा छापायला देण्याआधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी आणि कोऱ्या ओळींशी मुद्दाम थांबू नये. ऐकणारा ‘थांब, हे कधीचं?’ म्हणाला, की सांधा कुठे सुटलाय ते कळतं.

प्रूफ आलं की मी मजकूर वाचण्याआधी प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ तेवढी बघून घेतो. प्रसंग नेमका तिथे बदलत असेल तर वरच्या परिच्छेदातली एखादी ओळ कापून किंवा वाढवून मोकळी जागा पानाच्या मध्याकडे सरकवता येते. अंक छपाईला निघालेला असतो, तेव्हा तेवढीही सवड नसते. मग मी पलीकडच्या पहिल्या वाक्यातला ‘ती’ खोडून तिथे ‘इंदू’ लिहितो. ओळ एखाद्या अक्षराने वाढते, पण जुळणी बहुधा हलत नाही.